`NTILE(4)` चे कप्पे असमान का पडतात आणि समान गुण वेगवेगळ्या कप्प्यांत का जातात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील आमच्या मंडळाची दरवर्षी शास्त्रीय गायनाची स्पर्धा होते. निकालाची नोंद डेटाबेसमध्ये ठेवण्याचे काम माझ्याकडे आहे. परीक्षक शंभरपैकी पूर्णांकात गुण देतात, आणि त्या गुणांवरून स्पर्धकांना अ, ब, क, ड अशा चार श्रेणी दिल्या जातात. एका वर्षी 22 स्पर्धक होते. श्रेणी लावण्यासाठी मी क्रमाने लावलेल्या ओळींचे चार कप्पे पाडणारे `NTILE(4)` हे एसक्यूएल फंक्शन वापरले आणि निकाल लागला त्याच संध्याकाळी दोन पालक माझ्याकडे आले. दोघांच्याही मुलींना 82 गुण होते, परंतु एकीला अ श्रेणी मिळाली होती आणि दुसरीला ब. त्यानंतर समितीच्या सभासदांनी आणि हेच काम करणाऱ्या इतर मंडळांतील ओळखीच्या लोकांनी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, ते येथे उत्तरांसह एकत्र केले आहेत. सगळी उदाहरणे त्याच 22 जणांच्या यादीवरची आहेत. एका प्रश्नापुरते मात्र मंडळाच्या वाचनालयातले उदाहरण घेतले आहे.

उतरत्या क्रमाने ते 22 गुण असे होते:

```
91 88 86 84 82 82 82 79 78 76 74
74 74 71 70 68 68 66 63 60 57 52
```

22 जणांचे चार भाग केले, तर 6, 6, 5, 5 असेच का पडतात?

22 ला 4 ने भागले की भागाकार 5 येतो आणि बाकी 2 उरते. `NTILE` प्रत्येक कप्प्यात आधी भागाकाराइतक्या, म्हणजे पाच-पाच, ओळी धरते आणि उरलेल्या दोन ओळी पहिल्या कप्प्यापासून एकेक वाटत जाते. म्हणून पहिल्या दोन कप्प्यांत सहा-सहा आणि पुढच्या दोन कप्प्यांत पाच-पाच ओळी येतात. 21 स्पर्धक असते तर 6, 5, 5, 5 आणि 23 असते तर 6, 6, 6, 5 अशी वाटणी झाली असती. कोणत्याही दोन कप्प्यांत एकापेक्षा जास्त ओळींचा फरक पडत नाही आणि मोठे कप्पे नेहमी आधी येतात.

यात गुणांचा कोठेही संबंध नाही, ही गोष्ट नीट लक्षात घ्यावी. `ORDER BY` प्रमाणे ओळी एकामागून एक उभ्या केल्या की `NTILE` चे गुणांकडे पाहण्याचे काम संपते. त्यानंतर ती केवळ डोकी मोजते. पहिल्या सहा ओळींना 1, पुढच्या सहांना 2, असा आकडा ती लावत जाते. सहाव्या आणि सातव्या ओळीच्या गुणांत दहाचा फरक आहे की शून्याचा, हे ती तपासत नाही.

मग 82 गुण असलेल्या तिघींचे नेमके काय झाले?

यादीत 82 गुण पाचव्या, सहाव्या आणि सातव्या जागी आहेत. पहिला कप्पा सहाव्या ओळीवर भरला. त्यामुळे तिघींपैकी दोघी अ श्रेणीत गेल्या आणि एक ब मध्ये उतरली. हाच प्रकार खाली 74 गुणांवरही झाला होता. ते अकराव्या, बाराव्या आणि तेराव्या जागी आहेत आणि दुसरा कप्पा बाराव्या ओळीवर संपतो, म्हणून दोघांना ब आणि एकाला क श्रेणी मिळाली. 68 गुण मिळालेले दोघे सोळाव्या आणि सतराव्या जागी होते. तिसरा कप्पा बरोबर सतराव्या ओळीवर संपत असल्यामुळे ते सुखरूप एकत्र राहिले. समान गुणांची जोडी फुटते की टिकते हे केवळ कप्प्याची कड कोठे येते यावर ठरते.

त्या पालकांना मी आधी सांगितले की संगणकाने बरोबर मोजले आहे. वाक्य खरे होते, परंतु उत्तर चुकीचे होते. `NTILE` ला जे विचारले होते ते तिने बरोबर केले होते. चूक होती ती विचारलेल्या प्रश्नात.

तिघींपैकी कोण खाली उतरणार, हे कोण ठरवते?

`ORDER BY gun DESC` एवढेच लिहिले असेल, तर ते कोणीच ठरवलेले नसते. 82 गुणांच्या तिन्ही ओळी त्या क्रमाच्या दृष्टीने एकसारख्या असतात, आणि त्यांतील कोणती आधी ठेवायची याचे स्वातंत्र्य डेटाबेसला असते. ज्या क्रमाने ओळी डिस्कवरून वाचल्या गेल्या, जो इंडेक्स वापरला गेला, किंवा काम किती समांतर धाग्यांत वाटले गेले, त्यावर तो क्रम अवलंबून राहतो.

याचा प्रत्यय आम्हाला दुसऱ्याच दिवशी आला. आमचा डेटाबेस पोस्टग्रेएसक्यूएल आहे. 82 गुण असलेल्या स्पर्धकांचे नोंदणी क्रमांक 3, 11 आणि 17 होते. पहिल्या वेळी 3 आणि 11 यांना अ श्रेणी मिळाली आणि 17 ला ब. त्यानंतर क्रमांक 3 च्या ओळीतला चुकलेला फोन नंबर मी दुरुस्त केला आणि प्रमाणपत्रांसाठी तीच क्वेरी पुन्हा चालवली. आता 11 आणि 17 अ श्रेणीत होते आणि क्रमांक 3 ब मध्ये गेला होता. गुणांना कोणी हात लावलेला नव्हता. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये `UPDATE` झाले की ओळीची नवी प्रत लिहिली जाते आणि ती टेबलात दुसऱ्या जागी बसू शकते. त्यामुळे क्रम लावण्यापूर्वी ओळी हाती येण्याचा क्रम बदलतो आणि समान गुणांमधला निवाडाही बदलतो. फोन नंबर बदलल्याने मुलीची श्रेणी बदलली, हे समितीला समजावून सांगणे सोपे नव्हते.

`ORDER BY gun DESC, kramank` असे लिहिले की प्रश्न सुटतो ना?

अर्धा सुटतो. नोंदणी क्रमांक प्रत्येकाचा वेगळा असल्यामुळे ओळींचा क्रम पक्का होतो आणि क्वेरी कितीही वेळा चालवली तरी तेच उत्तर येते. एवढ्यासाठी ती पुस्ती जोडणे केव्हाही चांगले, आणि ज्या क्वेरीत ती नसते त्या क्वेरीवर मी तरी विश्वास ठेवत नाही.

परंतु आता क्रमांक 17 ची मुलगी दरवेळी ब श्रेणीत जाणार, आणि त्याचे एकमेव कारण हे की तिच्या वडिलांनी अर्ज उशिरा आणून दिला. उत्तर स्थिर झाले, पण न्याय्य झाले असे म्हणता येत नाही. उलट, पूर्वी निदान आकडा हलताना दिसला तर शंका तरी येत असे. आता तो अन्याय शांतपणे तसाच राहतो. समान गुण फोडायचेच असतील तर त्यासाठी विषयाशी संबंधित निकष हवा. आमच्याकडे परीक्षक सूर, ताल आणि राग-मांडणी असे तीन वेगळे गुण देतात आणि त्यांची बेरीज `gun` मध्ये येते. तेव्हा आधी सुराचे गुण आणि मग तालाचे गुण पाहावेत, असा नियम असू शकतो. मात्र तो स्पर्धेपूर्वी ठरलेला आणि सर्वांना सांगितलेला असला पाहिजे.

क्रम उलटा लावला तर तेच कप्पे उलट्या क्रमाने मिळतात का?

नाही, आणि हे बहुतेकांना अनपेक्षित वाटते. `ORDER BY gun` असा चढता क्रम लावला की जादा ओळी आता तळाच्या दोन कप्प्यांना मिळतात. कप्पा 1 मध्ये सर्वांत कमी गुणांचे सहा जण येतात, 52 पासून 68 पर्यंत. कप्पा 2 मध्ये उरलेला 68 वाला, मग 70, 71 आणि 74 गुणांचे तिघे असे सहा जण. कप्पा 3 मध्ये 76, 78, 79 आणि 82 गुणांच्या दोघी, आणि वरच्या कप्प्यात 82 गुणांची एक, त्यानंतर 84, 86, 88, 91.

म्हणजे उतरत्या क्रमाने सहा जणांना अ श्रेणी मिळत होती, ती आता पाच जणांना मिळाली. 82 गुणांच्या दोघींऐवजी एकीलाच अ मिळाली. 74 गुणांचे तिघे, जे पूर्वी फुटले होते, ते आता एकत्र आले, आणि 68 गुणांचे दोघे, जे एकत्र होते, ते फुटले. एका `DESC` शब्दाने इतका फरक पडत असेल, तर त्या कप्प्यांना चतुर्थक म्हणताना थोडे थांबले पाहिजे.

पण चतुर्थक म्हणजे हेच ना?

संख्याशास्त्रात चतुर्थक म्हणजे गुणांच्या मोजपट्टीवरची खूण. अशा तीन खुणा असतात, आणि सर्वांत वरच्या खुणेच्या वर साधारण पाव भाग आणि खाली साधारण पाऊण भाग असतो. खूण ही एक किंमत असते. ती कोणत्याही एका स्पर्धकाच्या मालकीची नसते. `NTILE` मात्र खूण काढत नाही, ओळींचे ढीग करते. गुण सगळ्यांचे वेगवेगळे असतील तर दोन्ही वाटांनी जवळपास एकाच ठिकाणी पोहोचता येते, म्हणून फरक नजरेत भरत नाही. समान गुण आले की वाटा वेगळ्या होतात.

आमच्या खजिनदारांनी तेच गुण एक्सेलमध्ये घालून `QUARTILE.INC` ने तिन्ही खुणा काढल्या होत्या: 82, 74 आणि 68. पोस्टग्रेएसक्यूएलमध्येही त्याच येतात:

```sql
SELECT percentile_cont(ARRAY[0.75, 0.5, 0.25])
       WITHIN GROUP (ORDER BY gun)
FROM nikal;
```

वरची खूण तळापासून 16.75 व्या जागी पडते, म्हणजे सोळाव्या आणि सतराव्या किंमतींच्या मध्ये, आणि त्या दोन्ही 82 आहेत. खजिनदारांचे म्हणणे होते की 82 ही सीमा आहे, तर सात जणांना अ श्रेणी मिळायला हवी. माझ्या क्वेरीने सहा जणांना दिली होती. सभेत अर्धा तास आम्ही एकमेकांची चूक शोधत होतो, आणि चूक दोघांचीही नव्हती. आम्ही दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे हातात घेऊन बसलो होतो.

समान गुणांना समान श्रेणी द्यायची असेल तर क्वेरी कशी लिहावी?

सर्वांत सरळ मार्ग असा, की आधी `NTILE` ला तिचे काम करू द्यावे आणि मग एकाच गुणांच्या सर्व ओळींना त्यांच्यातला सर्वांत वरचा कप्पा द्यावा. एका विंडो फंक्शनच्या पोटात दुसरे विंडो फंक्शन लिहिता येत नाही, म्हणून ते दोन पायऱ्यांत करावे लागते.

```sql
WITH k AS (
  SELECT kramank, gun,
         NTILE(4) OVER (ORDER BY gun DESC, kramank) AS kappa
  FROM nikal
)
SELECT kramank, gun,
       MIN(kappa) OVER (PARTITION BY gun) AS shreni
FROM k;
```

82 गुणांच्या तिघींचे कप्पे 1, 1, 2 होते, त्यांतला सर्वांत लहान आकडा 1, म्हणून तिघींना अ. 74 गुणांच्या तिघांचे 2, 2, 3 होते, म्हणून तिघांना ब. आता श्रेणींची संख्या 7, 6, 4, 5 अशी झाली. या पद्धतीचा एक फायदा असा, की समान ओळींचा आपसातला क्रम बदलला तरी त्या तीन जागांचे कप्पे 1, 1, 2 हेच राहतात, आणि त्यामुळे अंतिम श्रेणीही हलत नाही.

दुसरा मार्ग `RANK` चा आहे. `RANK` समान गुणांना एकच क्रम देते, म्हणून तिच्यावर बांधलेला हिशोब त्यांना फोडूच शकत नाही.

```sql
SELECT kramank, gun,
       FLOOR((RANK() OVER (ORDER BY gun DESC) - 1) * 4
             / COUNT(*) OVER ()) + 1 AS shreni
FROM nikal;
```

82 चा क्रम 5 येतो. त्यातून एक वजा केला, चाराने गुणले आणि 22 ने भागले की एकापेक्षा कमी उरते, म्हणून श्रेणी पहिली. 74 चा क्रम 11. तेथे 40 भागिले 22 येते, म्हणून दुसरी. आमच्या यादीवर याचेही उत्तर 7, 6, 4, 5 हेच निघाले. तरी ही दोन सूत्रे सर्वत्र सारखी नाहीत, हे ध्यानात असावे. समान गुण मुळीच नसते तर `NTILE` ने 6, 6, 5, 5 दिले असते आणि या सूत्राने 6, 5, 6, 5, कारण सूत्र जादा ओळी आधीच्या कप्प्यांत कोंबत नाही. कड जेथे गणिताने येते तेथेच ठेवते.

`FLOOR` काही डेटाबेसांत अनावश्यक दिसेल. पोस्टग्रेएसक्यूएल आणि एसक्यूएल सर्व्हर पूर्णांकाला पूर्णांकाने भागताना अपूर्णांक टाकून देतात, परंतु मायएसक्यूएल आणि ओरॅकल तो ठेवतात. ते तेथे राहू द्यावे.

`CUME_DIST` नेही हे करता येते असे वाचले. मग उत्तर वेगळे का आले?

कारण `CUME_DIST` समान गुणांच्या गटाकडे दुसऱ्या टोकाने पाहते. `RANK` विचारते की तुमच्या पुढे किती जण आहेत. `CUME_DIST` विचारते की तुमच्यासह आणि तुमच्या बरोबरीच्या सर्वांसह आतापर्यंत किती जण झाले. 82 गुणांच्या तिघींच्या पुढे चारच जण आहेत, परंतु त्या तिघींसह मोजले तर सात होतात, आणि 22 पैकी 7 हे पाव भागापेक्षा जास्त आहे. म्हणून `CEIL(CUME_DIST() OVER (ORDER BY gun DESC) * 4)` असे लिहिले की तिघीही एकत्रच राहतात, पण ब श्रेणीत. 74 गुणांचे तिघे क मध्ये जातात आणि 68 गुणांचे दोघे ड मध्ये, कारण 22 पैकी 17 हे पाऊण भागाच्या जरासे पलीकडे पडते. संख्या होते 4, 6, 5, 7.

खजिनदारांच्या खुणांशी हे ताडून पाहिले तर गंमत दिसते. 82 किंवा त्याहून जास्त गुणांना अ, 74 किंवा जास्त गुणांना ब, असे लिहिले की 7, 6, 4, 5 मिळते. 82 पेक्षा जास्त, 74 पेक्षा जास्त, असे लिहिले की 4, 6, 5, 7 मिळते. सगळा वाद `>=` आणि `>` यांच्यातील एका बरोबरच्या चिन्हात होता. तांत्रिक दृष्टीने दोन्ही निर्दोष आहेत. कड्यावर उभ्या असलेल्या माणसाला वर घ्यायचे की खाली उतरवायचे, हे समितीने सांगायचे असते आणि क्वेरीने ते लिहून काढायचे असते. बक्षीस द्यायचे असेल तर मी वर घेण्याच्या बाजूचा आहे. एखाद्या यादीतून नावे वगळायची असतील तर याच तर्काने बरोबरचे चिन्ह दुसरीकडे जाईल.

कप्पेही समान हवेत आणि समान गुणही एकत्र हवेत. काही युक्ती आहे का?

नाही. वरच्या यादीत 82 गुण पाच, सहा आणि सात या जागांवर आहेत. सहाव्या जागेनंतर रेघ मारायची तर त्या तिघींच्या मधूनच मारावी लागते. तिघींना एकत्र ठेवायचे तर पहिल्या कप्प्यात चार किंवा सातच जण येऊ शकतात, सहा कधीच नाहीत. कोणतेही फंक्शन हे बदलू शकत नाही. संख्येतली समानता सोडायची की वागणुकीतली, एवढीच निवड आपल्या हातात असते.

संख्या खरोखर बांधलेली असते तेथे `NTILE` योग्यच आहे. 22 स्पर्धकांची चार खोल्यांत प्राथमिक फेरी घ्यायची असेल आणि प्रत्येक खोलीत एक तबलजी बसणार असेल, तर 6, 6, 5, 5 हीच वाटणी हवी. तेथे समान गुणांचे दोघे वेगळ्या खोल्यांत गेल्याने कोणाचे काही बिघडत नाही. प्रमाणपत्रावर छापली जाणारी श्रेणी ही वेगळी गोष्ट आहे.

आधीच लागलेल्या निकालात समान गुण फुटले आहेत की नाहीत, हे पटकन कसे तपासावे?

कप्पा साठवलेला असेल तर एवढी क्वेरी पुरते:

```sql
SELECT gun, COUNT(*), MIN(kappa), MAX(kappa)
FROM jahir_nikal
GROUP BY gun
HAVING MIN(kappa) <> MAX(kappa);
```

आमच्या निकालावर तिने 82 आणि 74 अशा दोन ओळी दाखवल्या. एकही ओळ आली नाही तर निदान त्या वेळी तरी कोणी फुटलेले नाही. कप्पा साठवलेला नसेल आणि दरवेळी नव्याने काढला जात असेल, तर ही तपासणी त्या एका वेळेपुरतीच खरी धरावी. म्हणूनच जाहीर केलेला निकाल आता मी वेगळ्या टेबलात लिहून ठेवतो आणि प्रमाणपत्रे त्याच टेबलावरून छापतो.

गैरहजर स्पर्धकांमुळे काही बिघडते का?

बिघडते, आणि फारच विचित्र रीतीने. नाव नोंदवून न आलेल्यांचे गुण `NULL` राहतात. पोस्टग्रेएसक्यूएल आणि ओरॅकल `NULL` ला सर्वांत मोठे मानतात, म्हणून `ORDER BY gun DESC` मध्ये गैरहजर मंडळी सर्वांच्या आधी उभी राहतात. दोन जण गैरहजर असते, तर 24 ओळींचे सहा-सहाचे चार नेटके कप्पे झाले असते आणि न गायलेल्या दोघांना अ श्रेणी मिळाली असती. त्यांच्याखाली 91 ते 84 गुणांचे चौघेच मावले असते, आणि 82 च्या तिघीही ब मध्ये गेल्या असत्या.

मायएसक्यूएल, एसक्यूएल सर्व्हर आणि एसक्यूलाइट `NULL` ला सर्वांत लहान मानतात, म्हणून तेथे ते शेवटी जातात. पण ओळींच्या मोजणीत ते धरले जातातच, त्यामुळे कप्प्यांची कड सरकते. `WHERE gun IS NOT NULL` ही अट कप्पे पाडण्याच्या पायरीतच घालावी. कप्पे पडल्यानंतर गैरहजर ओळी गाळल्या तर उरलेले कप्पे आधीच्या चुकीच्या मोजणीवरचेच राहतात.

वयोगटाप्रमाणे वेगळे कप्पे पाडले, तर एका गटात ड श्रेणी कोणालाच मिळाली नाही. का?

`PARTITION BY vayogat` लिहिले की प्रत्येक वयोगटाची मोजणी स्वतंत्र होते. बालगटात तीनच मुले असतील तर त्यांना 1, 2, 3 असे कप्पे मिळतात आणि चौथा रिकामाच राहतो. पाच मुले असतील तर 2, 1, 1, 1. इतक्या लहान गटांत चतुर्थक काढणेच मुळात निरर्थक आहे. आम्ही बारापेक्षा कमी स्पर्धक असलेल्या वयोगटात थेट गुणांच्या मर्यादेवर श्रेणी देतो. बारा हा आकडा आमच्या सोयीचा आहे, त्यामागे कोणताही सिद्धांत नाही.

एकाच किंमतीच्या ओळी फारच जास्त असतील तर?

मंडळाच्या वाचनालयात हा प्रश्न आला. 30 सभासदांनी महिन्यात किती पुस्तके नेली, यावरून चार कप्पे पाडायचे होते. तेरा जणांनी एकापेक्षा जास्त पुस्तके नेली होती आणि उरलेल्या सतरा जणांनी प्रत्येकी एक. `NTILE(4)` ने 8, 8, 7, 7 असे सुबक कप्पे दिले. दुसऱ्या कप्प्यात एक पुस्तक नेणारे तिघे होते, तिसऱ्यातले सातही जण एकच पुस्तक नेणारे होते आणि चौथ्यातलेही सात जण तसेच. तिसऱ्या आणि चौथ्या कप्प्यात काडीचाही फरक नव्हता, तरी अहवालात चौथ्या कप्प्याला कमी वाचणारे असे नाव पडले होते. ज्यांनी तो अहवाल वाचला त्यांना हे कळण्याचा काही मार्गच नव्हता.

येथे `MIN` किंवा `RANK` लावून सतराही जण एकत्र केले, तर ते सगळे दुसऱ्या कप्प्यात जातात आणि तिसरा-चौथा ओस पडतो. `CUME_DIST` लावले तर ते सगळे चौथ्यात जातात. पायथॉनच्या पांडासमध्ये `qcut` वापरणाऱ्यांना अशा वेळी `Bin edges must be unique` असा नकार मिळतो, कारण दोन खुणा एकाच किंमतीवर येतात. तो नकार पाहून लोक वैतागतात, परंतु मला तो `NTILE` च्या मुकाट होकारापेक्षा प्रामाणिक वाटतो. `duplicates='drop'` घालून तो दाबता येतो, मात्र मग कप्पे चारापेक्षा कमी होतात. या आकड्यांत चार पातळ्या नाहीतच. वाचनालयासाठी आम्ही एक पुस्तक, दोन ते तीन पुस्तके आणि चार किंवा अधिक अशा तीन ठरावीक पायऱ्या केल्या.

ही पोस्टग्रेएसक्यूएलची खोड आहे का? दुसरा डेटाबेस घेतला तर टळेल का?

टळणार नाही. `NTILE` एसक्यूएल सर्व्हरमध्ये 2005 च्या आवृत्तीपासून, पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये 8.4 पासून, मायएसक्यूएलमध्ये 8.0 पासून आणि एसक्यूलाइटमध्ये 3.25 पासून आहे, आणि जादा ओळी आधीच्या कप्प्यांना देण्याचा नियम सर्वत्र तोच आहे. डेटाबेस बदलल्याने बदलेल तो समान ओळींचा आपसातला योगायोगाने पडलेला क्रम, आणि तो बदललेला कोणालाच नको असतो.

त्या वर्षीच्या निकालाचे पुढे काय केले?

समितीने समान गुणांना वरची श्रेणी देण्याचे ठरवले. अ श्रेणीची सहा प्रमाणपत्रे छापून आली होती. सातवे दौलतगंजातल्या छापखान्यातून दुसऱ्या दिवशी आणले. 74 गुणांच्या तिसऱ्या स्पर्धकाच्या घरच्यांनी तक्रार केलेलीच नव्हती. त्याला क ऐवजी ब श्रेणीचे प्रमाणपत्र आम्ही आपणहून घरी नेऊन दिले.

पुढच्या वर्षीच्या माहितीपत्रकात दोन ओळी वाढल्या: समान गुणांना समान आणि वरची श्रेणी मिळेल, पुढच्या फेरीसाठी जागा मर्यादित असतील तेव्हाच समान गुणांमध्ये आधी सुराचे आणि मग तालाचे गुण पाहिले जातील. तेही समान आले तर काय, असा प्रश्न एका परीक्षकांनी विचारला. त्या वेळी दोघांनाही पुन्हा गायला बोलवायचे, असे ठरले आहे.